फ्रंट व्हील ड्राइव्ह आणि ऑल व्हील ड्राइव्ह: टायर रोटेशन वेगळं का आणि करायचं कसं

ग्रँड व्हिटारा ही गाडी 2022 साली बाजारात आली तेव्हा तिची दोन रूपं मिळत होती. एकात इंजिनाचं बळ फक्त पुढच्या चाकांना जातं. दुसऱ्यात ऑलग्रिप नावाची व्यवस्था आहे, ती गरजेनुसार मागच्या चाकांनाही बळ देते. दोन्हींचा टायर एकच, 215/60 आर 17. शोरूममध्ये शेजारी उभ्या केल्या तर चाकांकडे बघून फरक कळणार नाही. तरी या दोन गाड्यांच्या टायर रोटेशनचे नियम वेगळे आहेत. टायरची जागा बदलण्याचा क्रम वेगळा, आणि किती किलोमीटरनंतर बदलायची ही शिस्तही वेगळी. गॅरेजमध्ये बहुतेक वेळा दोन्हींना एकच न्याय लावला जातो: पुढचे मागे, मागचे पुढे, चला पुढची गाडी घ्या. फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये हे एकवेळ खपून जातं. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये ते फार उशिरा केलं तर भुर्दंड मोठा बसतो.

कारण थोडक्यात असं: फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये आपण रोटेशन टायरसाठी करतो. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये ते टायरबरोबरच गाडीच्या यंत्रणेसाठी करतो.

पुढचा टायर लवकर का घासतो

फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, बळ पोचवणारे शाफ्ट सगळं पुढे असतं. गाडीचं साधारण 60 टक्के वजन पुढच्या दोन चाकांवर असतं. गाडी ओढायची ती याच चाकांनी आणि वळवायची तीही यांनीच. ब्रेक मारला की वजन आणखी पुढे झुकतं, त्यामुळे थांबवण्याचा मोठा भारही यांच्यावरच येतो. शहरात रोज शंभर वेळा वळणाऱ्या गाडीचे पुढचे टायर कडांना जास्त झिजतात, कारण वळताना टायरचा खांदा रस्त्यावर रगडला जातो.

मागचे टायर नुसते मागे मागे येतात. ते कमी झिजतात, पण त्यांना वेगळा आजार होतो. त्यांच्यावर पुढे ढकलणारा जोर कधी येत नाही, फक्त ब्रेकचा येतो. त्यामुळे नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्याची एक कड जास्त घासते आणि दुसरी उंच राहते. हाताने तपासता येतं: टायरवरून तळवा एका दिशेने फिरवा, गुळगुळीत लागेल, उलट दिशेने फिरवा, करवतीच्या दातांसारखं बोचेल. असा टायर साठच्या वेगाला घुं-घुं आवाज करतो आणि लोक व्हील बेअरिंग बदलून बसतात.

फ्रंट व्हील ड्राइव्हचा क्रम या दोन गोष्टींवरच बेतलेला आहे. पुढचे टायर सरळ मागे जातात, आपापल्या बाजूला. मागचे टायर पुढे येताना बाजू बदलतात. म्हणजे मागचा ड्रायव्हर साइडचा टायर पुढे क्लीनर साइडला, आणि मागचा क्लीनर साइडचा पुढे ड्रायव्हर साइडला. बाजू बदलली की टायरची फिरण्याची दिशा उलटते. उंच राहिलेली कड आता दुसऱ्या बाजूने रस्त्याला लागते, शिवाय पुढे आल्यावर त्याच टायरवर ओढण्याचा जोर येतो, आणि करवतीचे दात हळूहळू सपाट होतात. नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: बळ मिळणाऱ्या अ‍ॅक्सलवर जो टायर चालला आहे त्याची बाजू बदलायची, तिथून जो निघाला आहे तो सरळ न्यायचा.

काही जुने मेकॅनिक सांगतील की रेडियल टायरची बाजू कधीच बदलू नये. रेडियल टायर नवे आले त्या काळात असा सल्ला खरंच दिला जायचा. आजच्या टायरला तो लागू नाही, अपवाद फक्त बाण असलेल्या टायरचा. त्याबद्दल पुढे.

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये काय बदलतं

इथे चारही चाकांना बळ मिळतं किंवा मिळू शकतं, त्यामुळे बळ मिळणारं अ‍ॅक्सल कोणतं हा प्रश्न उरत नाही. वेगळेपण राहतं ते वळवण्याचं, आणि ते काम पुढच्या चाकांचंच आहे. म्हणून या गाड्यांचा रूढ क्रम आधीच्या बरोबर उलटा आहे: मागचे टायर सरळ पुढे आणि पुढचे टायर बाजू बदलून मागे. वळणावर खांदे घासलेला पुढचा टायर मागे विरुद्ध बाजूला जातो, उलट फिरतो, आणि तिथेही त्याला थोडंफार ओढायचं काम असतं.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी. ऑलग्रिपसारख्या व्यवस्थेत कोरड्या रस्त्यावर बहुतेक वेळ पुढचीच चाकं गाडी ओढतात. झीज जवळजवळ फ्रंट व्हील ड्राइव्हसारखीच होते. म्हणून काही कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये अशा गाड्यांसाठी नुसतं पुढे-मागे, बाजू न बदलता, असंही चित्र असतं. तुमच्या मॅन्युअलमध्ये जे चित्र आहे ते वरचढ. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये क्रमापेक्षा महत्त्वाची गोष्ट दुसरीच आहे: पुढच्या आणि मागच्या टायरच्या खाचांच्या खोलीतला फरक. बाकी सगळं त्याभोवती फिरतं.

समजा पुढच्या टायरची नक्षी 3 मिलिमीटर जास्त झिजली आहे. 215/60 आर 17 टायरचा घेर कागदावर सुमारे 2167 मिलिमीटर येतो, म्हणजे तो एका किलोमीटरला साधारण 461.5 वेळा फिरतो. त्रिज्या 3 मिलिमीटरने कमी झाली की घेर जवळपास 19 मिलिमीटरने घटतो आणि तेच अंतर कापायला चाकाला साधारण 465.5 फेऱ्या लागतात. भार पडल्यावर आकडे थोडे हलतात, पण हिशेबाचा अंदाज बरोबर राहतो. दर किलोमीटरला 4 फेऱ्यांचा फरक. मुंबईहून पुण्याला, म्हणजे साधारण 150 किलोमीटर, सरळ रस्त्याने गेलात तरी पुढची चाकं मागच्यांपेक्षा 600 फेऱ्या जास्त फिरली.

फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये या 600 फेऱ्यांचं कुणाला काही पडलेलं नसतं, कारण पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जोडलेलीच नाहीत. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये मध्ये शाफ्ट आहे आणि त्यावर कपलिंग आहे, म्हणजे तेलात बुडालेल्या क्लच प्लेटांचा संच. प्लेटा दाबल्या गेल्या की मागच्या चाकांना बळ जातं. पुढे-मागे वेग वेगळा असेल तर हा फरक त्या प्लेटांमध्येच घसरून निघतो आणि उष्णता तयार होते. त्यात अडचण अशी की जास्त झिजलेलं, म्हणून जास्त वेगाने फिरणारं पुढचं चाक आणि चिखलात घसरणारं पुढचं चाक हे सेन्सरला एकसारखंच दिसतं. संगणकात थोडा फरक माफ करण्याची सोय असते, पण ती मर्यादा ओलांडली की गाडी कोरड्या एक्सप्रेसवेवरही मागच्या चाकांना जोडू बघते. मागची चाकं जोडूनच ठेवणाऱ्या लॉक मोडमध्ये कोरड्या डांबरावर चालवलं तर सगळ्यात वाईट.

फरकाची मर्यादा कंपनीगणिक बदलते. सुबारूसारखी कंपनी चारही टायरच्या घेरात पाव इंचाहून जास्त फरक नको म्हणते. पाव इंच घेर म्हणजे खोलीत फक्त 1 मिलिमीटर. आउडीच्या क्वाट्रो गाड्यांना त्याहून बरीच सूट आहे, सुमारे 3 मिलिमीटरपर्यंत. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये नसेल तर 1 मिलिमीटर धरून चाला. ते कुठल्याच गाडीला अपाय करणार नाही.

दोन्ही गाड्यांचा हिशेब शेजारी मांडून

नवीन टायरची खाच 8 मिलिमीटर धरू. समजा दर 10,000 किलोमीटरला पुढचे टायर 2.2 आणि मागचे 1 मिलिमीटर झिजतात. दोन्ही गाड्यांना हाच वेग लावू.

रोटेशन न करता 25,000 किलोमीटर झाले. पुढे 2.5 मिलिमीटर उरले, मागे 5.5. पुढचे टायर बदलायची वेळ आलीच आहे, कारण खाचांच्या तळाशी असलेले, टायर संपल्याची खूण दाखवणारे टीडब्ल्यूआयचे उंचवटे 1.6 मिलिमीटरला असतात आणि पावसाळ्यात त्याआधीच पकड सुटते. फ्रंट व्हील ड्राइव्हवाला दोन टायर घेईल. नवे दोन मागे बसवावेत, कारण ओल्या रस्त्यावर मागचा भाग सटकला तर गाडी आवरत नाही. मागचे 5.5 वाले पुढे येतील आणि गाडी निवांत चालू लागेल. म्हणजे फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये रोटेशन राहून गेलं तरी रबर फारसं वाया जात नाही. रोटेशनने रबर वाढतही नाही, झीज चौघांत वाटली जाते एवढंच. फायदा मिळतो तो आवाज न करणाऱ्या, सारख्या झिजलेल्या टायरचा.

ऑल व्हील ड्राइव्हवाल्याला हा मार्ग बंद आहे. नवे 8 आणि उरलेले 5.5, फरक अडीच मिलिमीटर. 1 मिलिमीटरची मर्यादा असेल तर त्याला चारही टायर घ्यावे लागतात आणि अर्ध्याहून जास्त आयुष्य शिल्लक असलेले दोन टायर काढून टाकावे लागतात. 25,000 ला घाईघाईने रोटेशन करूनही उपयोग नाही, कारण जागा बदलल्याने फरक त्या क्षणी मिटत नाही. तो ज्या गतीने वाढला त्याच गतीने कमी होणार. 3 मिलिमीटरचा फरक भरून यायला आणखी 25,000 किलोमीटर लागतील, आणि मधल्या काळात 2.5 चा टायर संपलेला असेल.

त्याऐवजी 8,000 किलोमीटरला पहिलं रोटेशन केलं तर तेव्हा फरक जेमतेम 1 मिलिमीटर असतो. पुढच्या 8,000 मध्ये तो भरून निघतो आणि चौघे एका पातळीवर येतात. पुन्हा जागा बदला, पुन्हा फरक वाढेल, पुन्हा मिटेल. म्हणून फ्रंट व्हील ड्राइव्हला दर 10,000 किलोमीटरला, सर्व्हिसबरोबर, पुरतं. ऑल व्हील ड्राइव्हला 8,000 ही माझ्या मते वरची हद्द. घाटात आणि शहरात जास्त चालत असेल तर 6,000. तारखेपेक्षा मोजमापावर विश्वास ठेवणं जास्त बरं.

प्रत्यक्ष काम

आधी मोजा. खाचेची खोली मोजणारा छोटा गेज शे-दोनशे रुपयांत मिळतो. प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजायचा: आतली खाच, मधली, बाहेरची. टीडब्ल्यूआयच्या उंचवट्यावर टोक टेकवू नका, आकडा चुकेल. बारा आकडे कागदावर लिहा आणि तारीख व किलोमीटर टाका. हा कागद गाडीतच ठेवा.

आकडे वाचायला शिका. दोन्ही कडा झिजलेल्या आणि मध्य उंच, तर हवा कमी राहिली. मध्य झिजलेला, तर जास्त. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, आणि ते न सुधारता रोटेशन केलं तर चौघेही त्याच कडेला आळीपाळीने झिजतील. अशा वेळी आधी अलाइनमेंट.

मग टायरच्या बाजूवर काय छापलंय ते बघा. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर बाजू बदलता येत नाही. दोन्ही प्रकारच्या गाड्यांत असा टायर फक्त पुढून मागे आणि मागून पुढे. ‘इनसाइड’ आणि ‘आउटसाइड’ असं लिहिलं असेल तर काळजी नाही, बाजू बदलली तरी बाहेरची बाजू बाहेरच राहते. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर पुढे-मागे बदल होत नाही.

आता खडूने प्रत्येक टायरवर त्याची सध्याची जागा लिहा. गॅरेजमध्ये दोन खांबांची लिफ्ट असेल तर काम लवकर होतं. घरी एकच जॅक असेल तर स्टेपनीच्या मदतीने करता येतं, पाच वेळा उचलून. जागा सपाट आणि टणक हवी, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, ऑटोमॅटिक असेल तर ‘पी’मध्ये, आणि उचलायच्या चाकाच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड. नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करा. गाडीखाली हात-पाय घालू नका. ऑल व्हील ड्राइव्ह असेल तर चाक हवेत असताना इंजिन अजिबात चालू करायचं नाही. उरलेल्या चाकांना बळ मिळालं तर गाडी जॅकवरून उतरेल.

फ्रंट व्हील ड्राइव्हचा क्रम: ड्रायव्हर साइडचं पुढचं चाक काढा आणि तिथे स्टेपनी लावा. काढलेलं चाक ड्रायव्हर साइडला मागे लावा. तिथून निघालेलं चाक क्लीनर साइडला पुढे. तिथलं चाक क्लीनर साइडला मागे. आणि तिथून निघालेलं, स्टेपनी काढून, ड्रायव्हर साइडला पुढे. झालं.

ऑल व्हील ड्राइव्हचा क्रम: ड्रायव्हर साइडचं पुढचं चाक काढून तिथे स्टेपनी. काढलेलं चाक क्लीनर साइडला मागे. तिथून निघालेलं क्लीनर साइडला पुढे. तिथलं ड्रायव्हर साइडला मागे. आणि तिथून निघालेलं ड्रायव्हर साइडला पुढे, स्टेपनीच्या जागी. दोन्ही क्रमांत एक टायर चार रोटेशनमध्ये चारही जागा फिरून येतो.

स्टेपनी इथे फक्त टेकू आहे. ती छोट्या मापाची असेल तर तिला रोटेशनमध्ये घेऊ नका. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये छोटी स्टेपनी लावून दूरवर चालवणं म्हणजे वर सांगितलेला घेराचा फरक कितीतरी पटीने वाढवणं. पंक्चरवाल्यापर्यंत हळू जायचं, एवढंच.

चाक लावताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून काढा, कोकणात तर हा थर जाड असतो. नट हाताने बसवा, मग समोरासमोरचे थोडे थोडे आवळा, ओळीने नाही. शेवटची आवळणी चाक जमिनीवर टेकल्यावर, टॉर्क पान्याने. मॅन्युअलमधला आकडा घ्या. छोट्या-मध्यम गाड्यांत तो साधारण 100 न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पान्यावर उभं राहून आवळू नका. 80 ते 100 किलोमीटर चालल्यावर सगळे नट पुन्हा तपासा.

मग हवा. टायरने जागा बदलली की त्याचा दाबही बदलायला हवा, कारण पुढचा आणि मागचा दाब बऱ्याच गाड्यांत वेगळा असतो. ही पायरी सर्रास राहते. शेवटी हवेच्या दाबाची सूचना देणारी यंत्रणा असेल तर ती मॅन्युअलप्रमाणे रीसेट करा, नाहीतर मागच्या टायरची हवा कमी असताना ती पुढचा दाखवेल.

नंतर काही वेगळं जाणवलं तर

स्टिअरिंग ऐंशी-नव्वदच्या वेगाला थरथरू लागलं तर घाबरू नका. मागे असताना लपलेला असमतोल पुढे आला, बॅलन्सिंग करून घ्या. गाडी एका बाजूला ओढू लागली तर पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा, बाण नसेल तर. ओढ दुसऱ्या बाजूला गेली तर दोष टायरमध्ये आहे. तशीच राहिली तर अलाइनमेंटमध्ये. पहिले काही शे किलोमीटर आवाज जरा वाढणं स्वाभाविक आहे, करवतीचे दात पुढे येऊन घासले जात असतात. त्यानंतरही कमी झाला नाही तर मग बेअरिंगकडे वळा.

ऑल व्हील ड्राइव्हमध्ये वेगळी लक्षणं बघायची. कोरड्या, फरशीच्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरा. गाडी अडखळली, धक्के दिले, मागून कुणी धरून ठेवल्यासारखं वाटलं, तर मध्ये ताण येतोय. लांबच्या प्रवासात कपलिंग तापल्याचा इशारा पडद्यावर आला आणि ऑल व्हील ड्राइव्ह आपोआप बंद झालं, तर आधी टायर मोजा, मग सर्व्हिस सेंटरला फोन करा.

शेवटी, पावसाळ्यात खड्ड्याच्या कडेने एका टायरची बाजू फाटली तर काय? फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये जोडीने दोन नवे घेतात. ऑल व्हील ड्राइव्हमध्ये तसं करणं उलट जास्त त्रासाचं ठरू शकतं. एका अ‍ॅक्सलवर दोन्ही नवे असतील तर पुढे-मागे पूर्ण फरक कपलिंगवर येतो. एकच नवा असेल तर त्या अ‍ॅक्सलचा सरासरी वेग निम्म्यानेच बदलतो, पण डाव्या-उजव्या चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या तिथल्या डिफरन्शियलला सरळ रस्त्यावरही सतत काम करावं लागतं. बाकीचे तीन टायर मिलिमीटरभरच झिजलेले असतील तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा एक नवा टायर चालून जातो. ते 2 मिलिमीटरने किंवा जास्त झिजलेले असतील तर मॅन्युअलमधली मर्यादा बघा, आणि ती ओलांडत असेल तर त्याच नक्षीचा, तेवढाच झिजलेला वापरलेला टायर मोठ्या टायर डीलरकडे शोधा. तो चार वर्षांहून जुना नसावा. बाजूवर शेवटी छापलेले चार आकडे बघा, पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. तसा मिळाला नाही तर चार घ्यावे लागतात. उरलेले तीन चांगले असतील तर विकून टाका. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीवाल्याला त्यातली जोडी उपयोगी पडते.